सहलीचे 750 सांगून बसले, पण हिशेब बसेना

*नमस्कार ताई, मी ऐरोलीच्या एका शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. जानेवारीत कर्जतजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर एक दिवसाची सहल न्यायचीय. मुलं 45, शिक्षक 5, कारण मोठ्या बाई म्हणतात दहा मुलांमागे एक शिक्षक हवाच. 50 सीटची बस 15,000, तिकीट माणशी 250, नाश्ता जेवण आणि संध्याकाळचा चहा मिळून माणशी 200, आणि ग्रुपमागे एक शिक्षक फ्री. मी 15,000 भागिले 50 म्हणजे 300, त्यात 250 आणि 200 मिळवून 750 काढले आणि पालकांच्या ग्रुपवर सांगूनही टाकले. आता ऑफिसमधले सर म्हणतात एवढ्यात सहल होणार नाही, 900 लागतील. आणि एक पालक विचारतायत की शिक्षक फ्री आहे तर अजून कमी का नाही करत. नक्की किती घेऊ आणि ग्रुपवर कसं समजावू?*

ताई, 900 घ्या. सरांनी तो आकडा कुठून काढला ते मला माहीत नाही, अनुभवाने सांगितला असेल, पण तुमचेच रेट धरून मी हिशेब मांडला तरी तिथेच येऊन पोचतेय. आणि ग्रुपवर 750 बोलून झालेत म्हणून गप्प बसून त्यातच भागवायचा प्रयत्न करू नका, अजून पैसे गोळा केलेले नाहीत ना, मग आज बदलता येतं, सहलीच्या दिवशी गेटवर उभं राहून नाही बदलता येत.

आधी 50 चा भागाकार बघा, सगळी गडबड तिथेच आहे. बसमध्ये सीट 50 आहेत हे खरं पण पैसे देणारी घरं 45 च आहेत. तुम्ही 15,000 चे 50 भाग केले, त्यातले 45 भाग मुलांकडून आले आणि शिक्षकांच्या वाटचे 5 भाग म्हणजे 1,500 रुपये कोणीच दिले नाहीत, ते हवेतच राहिले. मग तिकिटं. पाचातली एक फ्री, राहिले चार शिक्षक, त्यांचे 1,000. मग जेवण, फ्री फक्त तिकीट असेल तर जेवण पाचही जणांचं, तेही 1,000. म्हणजे दुसरं काही न धरताच 3,500 चा खड्डा झाला. ताळा करून बघायचा तर 45 गुणिले 750 म्हणजे 33,750 जमा, आणि खर्च बसचे 15,000, 49 तिकिटांचे 12,250 आणि 50 जेवणांचे 10,000 मिळून 37,250. बरोबर साडेतीन हजार कमी. शाळेच्या सहलीत भाग कधीही सीटला लावायचा नाही, डोक्यांनाही नाही, फक्त पैसे भरणाऱ्या मुलांना लावायचा, एवढी एक गोष्ट पाळली की बाकीचं पुष्कळसं आपोआप जागेवर येतं.

आता बसचे 15,000, हा आकडा मला अर्धवट वाटतो. बसवाले फोनवर जो रेट सांगतात तो बहुतेक वेळा नुसत्या गाडीचा असतो, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, आणि हे तुम्हाला संध्याकाळी मुलं उतरल्यावर कळतं, जेव्हा ड्रायव्हर पावत्या घेऊन उभा राहतो आणि हातात पैसे नसतात. मी या तिन्हीचे मिळून 1,500 धरलेत, तुम्ही त्याला विचारून खरा आकडा टाका. पण त्याहून मोठी गोष्ट किलोमीटरची. ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रोडने पनवेल, चौक करत कर्जत, जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात, आणि समजा हा रेट दीडशे किलोमीटरपर्यंतचा असेल तर तुम्ही म्हणाल मग काळजी कसली. पण बसवाल्यांचा मीटर तुमच्या शाळेच्या गेटपासून सुरू होत नाही, गॅरेजपासून सुरू होतो आणि गॅरेजला परत गेल्यावर बंद होतो. गाडी भिवंडीकडून येणार असेल तर शाळेपर्यंत यायचे आणि शेवटी परत जायचे मिळून समजा पन्नास किलोमीटर वाढले, म्हणजे झाले 175, वरचे 25 किलोमीटर, किलोमीटरला 40 रुपये लावले तरी 1,000 रुपये. म्हणून त्याला सरळ विचारायचं, दादा गॅरेज ते गॅरेज किती किलोमीटर धरलेत, वरचा रेट काय, किती वाजल्यानंतर जास्तीचे तास लागतात, जीएसटी धरून सांगताय की सोडून. आणि उत्तर फोनवर नको, मेसेजमध्ये घ्या, शाळेच्या नावाने कोटेशन मिळालं तर उत्तमच. तासांचं मुद्दाम सांगते कारण येताना संध्याकाळी पनवेलच्या पुढे ट्रॅफिक लागलं तर तासभर सहज जातो, बारा तासांची बोली असेल आणि सकाळी साडेसहाला गाडी उभी केली असेल तर साडेसहाच्या आत शाळेत पोचायचंय हे त्या केंद्रावरून निघतानाच डोक्यात ठेवायला लागतं.

आणखी एक छोटी गोष्ट राहते, ड्रायव्हर आणि क्लीनर. ते दिवसभर तिथेच थांबणार, जेवणार कुठे? काही केंद्रं त्यांना फुकट जेवू घालतात, काही तुमच्याच बिलात दोन ताटं वाढवतात. विचारलं नसेल तर 400 धरून ठेवायचे.

आता सगळा खर्च दोन भागात वेगळा करा, कागदावर मधे एक उभी रेघ मारा आणि डावीकडे उजवीकडे लिहा. डावीकडे ते खर्च जे मुलं 30 आली काय आणि 45 आली काय तेवढेच राहतात. बस आणि तिचे वरचे मिळून 16,500, चार शिक्षकांची तिकिटं 1,000, पाच शिक्षक आणि गाडीवरचे दोघं अशा सात जणांचं जेवण 1,400. झाले 18,900. उजवीकडे ते जे प्रत्येक मुलामागे वाढतात, तिकीट 250 आणि जेवण 200, म्हणजे 450. बस, एवढंच आहे. एका मुलाचा खर्च म्हणजे 18,900 ला पैसे भरणाऱ्या मुलांच्या संख्येने भागायचं आणि त्यात 450 मिळवायचे.

45 मुलं आली तर 18,900 भागिले 45 म्हणजे 420, अधिक 450, झाले 870. 42 आली तर 450 अधिक 450, बरोबर 900. 36 च आली तर 525 अधिक 450 म्हणजे 975, आणि 30 वर आलात तर 1,080. बघा, मुलं कमी झाली की बिल कमी होतं पण एकेकाचा भार वाढतो, कारण बस अर्धी रिकामी गेली तरी भाडं पूर्णच द्यायला लागतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एका कॉलममध्ये मुलांची संख्या टाका आणि बाजूला हे लिहा, आकडा पुढच्या दहाच्या घरात आपोआप जातो:

```
=ROUNDUP(18900/A2+450,-1)
```

मग प्रश्न असा की 870 येतायत तर 900 कशाला. कारण यादीतली 45 आणि सकाळी बसमध्ये चढलेली 45 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारीत कोणाला ताप येतो, कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाची आजी म्हणते एवढ्या लांब नको पाठवू, पंचेचाळीसात दोन-तीन गळतातच. आणि हिशेबात एक मूल गळलं की तुमचे 870 जात नाहीत, 420 जातात, कारण त्याचं तिकीट आणि जेवण वाचतं पण बसमधला त्याचा वाटा दुसरं कोणी भरत नाही. तिघं गळली तर 1,260 कमी पडतात, आणि सहसा ते वर्गशिक्षिकेच्या पर्समधूनच जातात, कोणाला कळतही नाही. हे मला मनापासून खटकतं म्हणून सांगते, शिक्षकांनी सहलीत स्वतःचे पैसे घालायचे नसतात, ते चांगुलपणाचं लक्षण वगैरे काही नाही, हिशेब अपुरा राहिला एवढाच त्याचा अर्थ. म्हणून भाग 45 ला न लावता 42 ला लावायचा. सगळी 45 आली तर 1,350 उरतील, ते मुलामागे 30 रुपये परत करा किंवा पालकांना विचारून वर्गाच्या पेटीत टाका, पण काय केलं ते पावतीसकट कळवा.

पण नुसतं तीन मुलांचं मार्जिन पुरेसं नाही, कारण पाच गळली तर? 40 मुलं, 36,000 जमा, खर्च 18,900 अधिक 18,000 म्हणजे 36,900, नऊशे कमी. याचा उपाय फी वाढवणं नाही, पैसे परत करायचा नियम आधी लिहून देणं आहे. आणि इथे 900 चा आकडा फार सोयीचा आहे, त्यातले 450 मुलाच्या तिकिटाचे आणि जेवणाचे, 450 बसचे आणि मोठ्या माणसांचे. म्हणून नियम असा, ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेतलं तर 450 परत, बसचे 450 परत नाहीत. आता 45 जणांनी भरले आणि पाच जणांनी नावं काढली तरी तुमच्याकडे 40,500 मधून 2,250 जाऊन 38,250 उरतात, खर्च 36,900, म्हणजे 1,350 शिल्लकच. पाच काय दहा गळली तरी ती शिल्लक तेवढीच राहते, कारण प्रत्येक जण आपला बसचा वाटा मागे ठेवून जातो. फक्त तारीख केंद्राला जेवणाचा पक्का आकडा द्यायच्या आदल्या दिवशीची ठेवा, समजा ते दोन दिवस आधी विचारतात तर तुमची तारीख तीन दिवस आधीची. त्यानंतर किंवा अगदी सकाळी कोणी आलं नाही तर जेवण शिजलेलं असतं, त्याचे 200 लागणारच, तिकिटाचे 250 मात्र गेटवर मोजून घेत असतील तर परत देता येतील. गेटवर मोजतात की यादीवरून घेतात हे आधी विचारा, केंद्राकेंद्रांत फरक असतो.

आता तो फ्री शिक्षक, ज्याच्यावरून ग्रुपवर चर्चा चाललीय. त्या पालकांचा प्रश्न वाईट नाही, त्यांना राग येण्याआधी आकडा दाखवला तर ते गप्प बसतील असं नाही पण समजतील तरी. एका शिक्षकाचं तिकीट फ्री म्हणजे 250 रुपये वाचले, ते 45 मुलांत वाटले की मुलामागे साडेपाच रुपये. बस. जेवणही फ्री मिळालं तर 450, म्हणजे मुलामागे दहा रुपये. आणि बसची सीट तर फ्री नाहीच, केंद्र काही बसवाल्याला पैसे देत नाही. 'एक शिक्षक फ्री' ऐकायला मोठं वाटतं म्हणून पालकांना वाटतं की बरंच काहीतरी सुटलं असणार, तसं नाहीये. उलट पाचही शिक्षकांचं तिकीट जेवण मिळून 2,000 मुलांच्या फीमधून जातात, मुलामागे 44-45 रुपये, आणि हे लपवायचं काही कारण नाही. मुलांवर लक्ष ठेवायला बरोबर आलेल्या माणसांचा तो खर्च आहे, शिक्षक तिथे फिरायला जात नाहीत, दर तासाला डोकी मोजत दिवस काढतात. शाळेने तो खर्च स्वतःच्या खात्यातून उचलायचा ठरवला तर फी तेवढी कमी करता येईल, हा निर्णय मोठ्या बाईंचा आहे, विचारून बघायला हरकत नाही.

पण केंद्राशी या फ्रीवर बोलायला मात्र पाहिजे. 'ग्रुपमागे एक' ऐवजी 'दर 20 मुलांमागे एक, तिकीट आणि जेवणासकट' मागून बघा, मंगळवार-बुधवारसारख्या मधल्या दिवशी जाणार असाल तर त्यांच्याकडे गर्दी कमी असते आणि मग ते ऐकतात. मिळालं तर दोन शिक्षक पूर्ण फ्री, वाचतात 900, आत्ताच्या 250 पेक्षा 650 जास्त, मुलामागे चौदा रुपये. यात एक खाच आहे. 45 मध्ये वीस दोनदा बसतात म्हणून दोन फ्री, पण सकाळी 39 च मुलं आली तर वीस एकदाच बसतात आणि दुसऱ्या शिक्षकाचे 450 अचानक बिलात येतात. म्हणून फीचा हिशेब करताना दुसरा फ्री शिक्षक धरू नका, मिळाला तर शिल्लक समजा. आणि फ्री म्हणजे काय काय फ्री हे मेसेजमध्ये लिहून घ्या, तिकीट फ्री सांगून नंतर ट्रॅक्टर राइड, बैलगाडी वेगळी लावणारी ठिकाणं असतात, तिकिटात कुठल्या गोष्टी येतात तेही त्यातच विचारून टाका.

एक धोका तुमच्या अगदी जवळ उभा आहे, तो बघा. 45 मुलं आणि 5 शिक्षक म्हणजे बस काठोकाठ भरली. उद्या बाजूच्या वर्गातलं एक मूल म्हणालं मलाही यायचंय किंवा शिपाई मावशींना बरोबर न्यायचं ठरलं की 51 वं माणूस झालं. तेव्हा लोक म्हणतात दोन सीटवर तिघं बसतील, लहान तर आहेत. नाही बसवायचं. गाडी जेवढ्या सीटची पास झालीय तेवढीच माणसं, वाटेत काही झालं तर विम्याच्या वेळी हाच प्रश्न पहिला येतो आणि उत्तर शाळेला द्यायला लागतं. मग दुसरी गाडी आली. समजा 17 सीटची टेम्पो ट्रॅव्हलर 7,000 ला मिळाली, तिच्या ड्रायव्हरचं जेवण 200, डावीकडचा खर्च 18,900 वरून 26,100 झाला, 46 मुलांना भागून 567 आणि 450, म्हणजे 1,017. एका मुलामुळे सगळ्यांची फी 870 वरून हजाराच्या वर गेली. म्हणून 45 नंतर वेटिंग लिस्ट, कोणी नाव काढलं की पहिला नंबर आत. त्याचा फायदा असा की ज्याने नाव काढलं त्याला मग पूर्ण 900 परत देता येतात, कारण त्याचा बसचा वाटा नवीन मुलाने भरला. पालकांना हेही सांगा, नियम कडक वाटतो तो जरा सोपा होतो. आणि मावशींना न्यायचंच असेल, मुली आहेत तर न्यायलाच हव्यात असं माझं मत, तर मुलांचा आकडा आत्ताच 44 करा, 'बघू नंतर' नको.

ज्यांना 900 जड जातील अशी दोन-तीन मुलं तुमच्या वर्गात असतीलच. त्यांच्यासाठी फी सगळ्यांचीच कमी करायला जाऊ नका, आकडा वेगळा बघा. बस जाणारच आहे, सीट रिकामी जाण्याऐवजी ते मूल बसलं तर वरचा खरा खर्च फक्त 450 होतो. 43 जणांनी 900 भरले आणि दोन मुलं फीशिवाय आली तर जमा 38,700, खर्च 39,150, कमी पडतात फक्त 450. पालक संघातून किंवा एखाद्या पालकाकडून एवढे उभे करणं जड नाही, 'दोन मुलांचे 1,800 द्या' म्हणण्यापेक्षा '450 कमी पडतायत' हे खरंही आहे आणि कोणीही पटकन देईल. फक्त तेव्हा तुमचं तीन मुलांचं मार्जिन त्यात वापरलं गेलं हे लक्षात ठेवा, मग परत करायचा नियम ढिला करून चालणार नाही. आणि ही नावं ग्रुपवर नाहीत, तुमच्या आणि सरांच्या वहीतच.

अजून एक रस्ता आहे तो बघितल्याशिवाय खाजगी बसला ॲडव्हान्स देऊ नका. एसटी शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर गाडी देते आणि शैक्षणिक सहलीसाठी भाड्यात निम्मी सवलत असते. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, मुलांची यादी, तारीख आणि जायचं ठिकाण घेऊन ठाणे किंवा पनवेल आगारात जाऊन विचारा, जानेवारी म्हणजे सगळ्या शाळांच्या सहलींची गर्दी, तेव्हा आठवडाभर आधी गेलात तर गाडी शिल्लक नसेल. पण नुसतं भाडं बघून उडी मारू नका, सीट मोजा. समजा सगळं धरून 12,000 पडले पण गाडी 42 सीटची निघाली. मग 38 मुलं, 4 शिक्षक. बसचे 12,000, तीन शिक्षकांची तिकिटं 750, चार शिक्षक आणि ड्रायव्हर कंडक्टर यांचं जेवण 1,200, मिळून 13,950. 38 ने भागून 367, अधिक 450, म्हणजे 817. मुलामागे पन्नास रुपयांहून जास्त स्वस्त, पण सात मुलं घरी राहिली. पूर्ण वर्ग जाणार असेल तर हे चालणार नाही, आणि 38 पर्यंतच मुलांची नावं आली असतील तर मात्र हेच करा. म्हणजे क्रम असा ठेवा, आधी चौकशीचा फॉर्म पाठवून येणाऱ्यांची खरी संख्या घ्या, मग गाडी ठरवा, मग फी सांगा. तुमच्याकडे फी आधी सांगून झालीय, पण बाकीचे दोन अजून हातात आहेत.

ग्रुपवर काय लिहायचं ते असं लिहा, हवं तर शब्द बदला:

'नमस्कार पालकहो. सहलीची फी मी 750 सांगितली होती, त्यात शिक्षकांचा खर्च, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलेला नव्हता. सगळं धरून प्रत्येक मुलामागे 900 रुपये होतात. त्यातले 450 मुलाचं तिकीट आणि जेवण, आणि 450 बस व सोबतच्या मोठ्या माणसांचा खर्च. केंद्राने एका शिक्षकाचं तिकीट माफ केलंय, त्याने मुलामागे साधारण साडेपाच रुपये कमी झालेत आणि ते यात धरलेले आहेत. ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेतल्यास 450 परत मिळतील, तुमच्या जागी वेटिंगमधलं मूल आल्यास पूर्ण 900. सहलीनंतर आठवड्याभरात सगळ्या बिलांसह जमाखर्च याच ग्रुपवर टाकेन आणि पैसे उरले तर मुलामागे समान परत करेन.'

हे टाकायच्या आधी मोठ्या बाईंना आणि सरांना दाखवा, आणि बसवाल्याचे टोल-भत्त्याचे खरे आकडे आले असतील तर 1,500 च्या जागी ते टाकून 900 पुन्हा तपासा. तिथे 2,000 निघाले तर डावीकडचे 19,400 होतात, 42 ने भागून 462, म्हणजे 912, तेव्हा मेसेजमध्ये 920 लिहा, आणि बसचा वाटा 450 ऐवजी 470 करायला विसरू नका, नाहीतर परत द्यायच्या आकड्यावरून पुन्हा प्रश्न येतील. पैसे शाळेच्या खात्यावरच घ्या, स्वतःच्या यूपीआयवर नको, आणि प्रत्येकाला पावती द्या. केंद्राला आजच फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या, फ्रीमध्ये जेवण आहे का, मुलं गेटवर मोजणार की यादीवरून, आणि जेवणाचा पक्का आकडा किती दिवस आधी द्यायचा, कारण शेवटचं कळल्याशिवाय तुम्हाला मेसेजमध्ये तारीखच टाकता येणार नाही.